फोटोतली रॅले: ओळख आणि किंमत

काळी, उंच, सळईच्या ब्रेकची सायकल फोटोत दिसली की विकणारा ती ‘इंग्लंडची रॅले’ असल्याचे सांगतो. पण रॅले इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमइतकीच बंगालमधल्या आसनसोललाही, सेन-रॅलेच्या कारखान्यात बनत असे. दोघींचा रंगरूपाचा साचा एकच, म्हणून नजर तपशिलावर हवी.

हँडलखालचा पितळी बिल्ला आणि रंगवलेले नाव यांवर विसंबू नये; दोन्ही नव्याने लावता येतात. पायडलजवळचे दातेरी चाक अधिक बोलके. त्याच्या नक्षीत बगळ्यांची डोकी असतील तर सायकल रॅले घराण्यातली. हंबरच्या चाकात माणसांच्या आकृती, रजच्या चाकात हाताचा पंजा, तर बीएसएच्या चाकात तीच अक्षरे कोरलेली असतात. मात्र हे चाकही बदलता येते, म्हणून बिल्ला, चाक आणि चिमटा तिन्ही एकाच घरचे आहेत ना, हे पाहावे. हंबरच्या काही सायकलींचा चिमटा जोडनळ्यांचा असे, तो लांबूनही ओळखू येतो.

मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरांचा हब असेल तर त्याच्या कवचाचा जवळून घेतलेला फोटो मागवावा. त्यावर बहुधा वर्षाचे दोन आकडे ठोकलेले असतात. ५६ म्हणजे १९५६. हे वर्ष हबचे, सायकलीचे नव्हे, कारण चाक नंतर बसवलेले असू शकते.

सांगाड्याची उंची फोटोवरूनही काढता येते. सायकल अगदी बाजूने टिपलेली असावी. टायरसह अठ्ठावीस इंची चाक हीच मोजपट्टी. समजा फोटोत चाकाचा व्यास ७ सेंमी आणि पायडलच्या आसापासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचे अंतर ६ सेंमी भरले, तर २८ च्या सहा सप्तमांश, म्हणजे सांगाडा २४ इंची. कॅमेरा तिरका असेल तर हा हिशेब फसतो. मधला दांडा आडवा असेल तर पुरुषांची, खाली वाकलेला असेल तर बायकांची सायकल. नळ्यांच्या सांध्यांवर रंगाखाली फुगीर पट्टी किंवा तडा दिसला, तर तिथे वेल्डिंग झाले असण्याची शंका घ्यावी.

किंमत मात्र वयावर नव्हे, मूळ सुट्या भागांवर ठरते. मागितलेला भाव बाजूला ठेवून तशाच सायकली प्रत्यक्षात किती रुपयांना गेल्या ते धरावे. समजा सगळे भाग मूळचे असलेली सायकल ९,००० रुपयांना गेली. समोरच्या सायकलीचा चिमटा बदललेला, चेन कव्हर गायब आणि रिम गंजलेल्या. दुरुस्तीला ३,००० आणि चिमटा मूळचा नसल्याबद्दल १,५०० वजा केले, तर ४,५०० उरतात. अठ्ठावीस इंची टायर आपल्याकडे सहज मिळतो, पण नॉटिंगहॅमच्या रॅलेचे आटे बहुधा वेगळे असल्याने आसाचे भाग शोधावे लागतात. ती अडचण भावात धरावी. भंगाराचा दर ही खालची मर्यादा. अशा सायकलीचे वजन अठरा-वीस किलो असते, त्यामुळे ती रक्कम लगेच काढता येते. नवा रंग मात्र भाव वाढवतोच असे नाही. संग्राहकाला झिजलेला का होईना, मूळचा सोनेरी रेघांचा रंगच हवा असतो.