बीमखालची सरळ रेघ

नव्या घरात राहायला आल्यावर पहिला उन्हाळा सरतो आणि छतापासून फूट-दीड फूट खाली भिंतभर एक आडवी रेघ उमटते. फूटपट्टी लावून ओढल्यासारखी सरळ. लोक घाबरतात, पण ही रेघ सहसा घर खचल्याची नसते. तिच्या वर काँक्रीटचा बीम आहे, खाली विटांची भिंत आहे आणि वरचं प्लास्टर नेमकं त्या सांध्यावर फाटलं आहे. तिरकी, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी किंवा रुंदावत जाणारी भेग असेल तर प्रकरण वेगळं. ती इंजिनिअरलाच दाखवावी.

वीट आणि काँक्रीट उन्हात सारखे फुगत नाहीत. दहा फुटी बीम २० अंशांनी तापला तर साधारण ०.६ मिलिमीटरने लांबतो. तेवढ्याच लांबीची विटांची भिंत जेमतेम ०.३५ मिलिमीटर वाढते. फरक पाव मिलिमीटरचा, पण ताण न सोसणाऱ्या प्लास्टरला तो फाडायला पुरतो. शिवाय काँक्रीट वाळताना आकसतं, बीम वजनाने किंचित वाकतो आणि भिंतीतला मसालाही बसतो. गच्चीखालच्या मजल्यावर स्लॅब थेट उन्हात तापतो, म्हणून ही रेघ तिथे हमखास आणि लवकर दिसते.

यावरचा उपाय म्हणजे प्लास्टरच्या आधी सांध्यावर ठोकायची तारेची जाळी, साइटवरची ‘चिकन मेश’. बहुतेक ठिकाणी अर्धा इंच भोकांची, २४ गेजची, गॅल्व्हनाइज्ड षटकोनी जाळी वापरतात. जाळी हालचाल थांबवत नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. एका रेषेवर एकवटणारा ताण ती फूटभर रुंदीच्या प्लास्टरवर वाटून देते. मग एका ठळक भेगेऐवजी, झाल्याच तर, डोळ्यांना न दिसणाऱ्या केसासारख्या रेघा होतात.

दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या घरात अशी रेघ आली होती. मालक म्हणाले, “जाळी मारली होती हो, मी स्वतः पाहिली.” नाण्याने टकटक केली तर रेघेच्या आजूबाजूला बद्द, पोकळ आवाज येत होता. हातभर प्लास्टर उकरलं आणि सगळा उलगडा झाला. जाळी होती, पण बीमवर जेमतेम दोन इंच चढलेली. सहा फुटांत चार खिळे. मधे ती पोट सुटल्यासारखी सैल आणि बाकी ठिकाणी काँक्रीटला चिकटून बसलेली, त्यामुळे तिच्या मागे मसाला गेलाच नव्हता. त्याहून वाईट म्हणजे विटांचा शेवटचा थर आणि बीम यांच्यामध्ये बोटभर फट तशीच राहिली होती. पोकळीवर ताणलेली जाळी काय धरणार?

म्हणून काम मुळापासून केलं. सांध्याच्या दोन्ही बाजूंचं प्लास्टर काढलं, फट मसाल्याने दाबून भरली आणि ती सुकू दिली. नव्या बांधकामात हा शेवटचा थर लगेच लावायचा नसतो. खालचा मसाला बसायला आठवडाभर द्यावा, मग विटा घट्ट बसवून वरची फट भरावी. प्लायवर ओतलेलं काँक्रीट काचेसारखं गुळगुळीत आणि तेलकट असतं, त्यामुळे बीमचा भाग छिन्नीने टोचून खरबरीत केला आणि धुतला.

मग फूटभर रुंद पट्टी लावली, बीमवर सहा इंच आणि विटांवर सहा इंच. वॉशर घातलेले खिळे आठ-दहा इंचांवर, दोन्ही कडांना, आणि एका टोकापासून ओढत ओढत. पट्टीवर पट्टी चार इंच चढवली. जाळी तीन-चार मिलिमीटर पुढे राहावी म्हणून तिच्याखाली मसाल्याची छोटी ठिगळं ठेवली. प्लास्टरच्या पोटात बसली तरच तिचा उपयोग. मग पाणी मारून पातळ सिमेंटचा हात दिला आणि तो सुकण्याआधी मसाला जोरात दाबून भरला. त्यानंतर सात दिवस पाणी.

१२ × १० फुटांच्या खोलीत चारही बीमखाली ४४ फूट सांधा येतो. चार कोपऱ्यांत कॉलम असतील तर दोन-दोन उभे सांधे, साडेआठ फुटांचे, म्हणजे आणखी ६८. एकूण ११२ फूट. तीन फूट रुंद जाळीतून तीन पट्ट्या निघतात, म्हणजे जोड धरून चाळीसेक फूट जाळी पुरते. पण खरी तपासणी खर्चाची नाही, वेळेची आहे: गवंड्याने मसाला मारण्याआधी अर्धा तास मागून घ्यावा, सांध्यावर हात फिरवावा आणि जाळी बोटाने ओढून पाहावी. ती हलली तर त्याच वेळी आणखी चार खिळे मारून घेता येतात.