काउंट वाढवणाऱ्या गोळ्यांचा पुरावा किती?

सीमेन रिपोर्टमध्ये 'काउंट कमी' असं लिहून आलं की बहुतेक जोडप्यांच्या हातात आठवड्याभरात एक गोळ्यांची पाकीटमाळ येते. कधी डॉक्टर लिहून देतात, कधी केमिस्ट सुचवतो, कधी मित्राच्या मित्राला 'गुण आलेला' असतो. पाकिटावरची नावं थोड्याफार फरकाने तीच असतात: झिंक, फोलिक ॲसिड, सेलेनियम, व्हिटॅमिन सी आणि ई, लायकोपीन, एल-कार्निटीन, कोएन्झाइम क्यू१०. महिन्याचा खर्च सहज हजाराच्या पुढे जातो आणि कोर्स तीन ते सहा महिन्यांचा असतो. या गोळ्यांनी मूल होण्याची शक्यता खरोखर वाढते का, हे तपासायला झिंकच्या गोळीची हकीकत सगळ्यात उपयोगी आहे, कारण तिची परीक्षा सगळ्यात नीट झाली आहे.

झिंकवरचा विश्वास हवेतून आलेला नाही. मूळचे बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद १९५८ च्या सुमारास इराणमध्ये शिराझला काम करत होते. तिथे त्यांना खुरटलेल्या वाढीचे, वयात न आलेले तरुण भेटले. त्यांचा आहार मुख्यतः बिनखमिराच्या जाड रोटीचा होता. धान्याच्या कोंड्यातलं फायटेट झिंकला बांधून ठेवतं आणि ते आतड्यातून शरीरात शिरत नाही. माणसात झिंकची कमतरता होऊ शकते हे प्रसाद यांनी पुढे इजिप्तमधल्या अभ्यासात दाखवून दिलं. १९८० मध्ये त्यांच्या गटाने पाच पुरुषांना मुद्दाम झिंक फार कमी असलेल्या आहारावर ठेवलं. त्यांची शुक्राणूंची संख्या घसरली आणि झिंक पुन्हा सुरू केल्यावर काही महिन्यांनी सावरली. म्हणजे झिंक अगदीच कमी पडलं तर शुक्राणू कमी होतात, हे खरं आहे. पण यावरून ज्याच्या शरीरात झिंक पुरेसं आहे त्याने जास्त घेतलं तर शुक्राणू वाढतील, हे मात्र सिद्ध होत नाही.

ही उडी २००२ मध्ये घेतली गेली. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी काउंट कमी असलेल्या आणि मूल असलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या पुरुषांचे चार गट केले: एकाला फोलिक ॲसिड, एकाला झिंक, एकाला दोन्ही आणि एकाला दिसायला तशीच पण निष्क्रिय गोळी, म्हणजे प्लासिबो. सहा महिन्यांनी दोन्ही मिळून घेणाऱ्या, काउंट कमी असलेल्या पुरुषांमध्ये सामान्य आकाराच्या शुक्राणूंची एकूण संख्या ७४ टक्क्यांनी वाढलेली दिसली. हा आकडा जगभर गाजला. पण त्या अभ्यासात काउंट कमी असलेले पुरुष जेमतेम शंभर होते, तेही चार गटांत विभागलेले. आणि पाहिलं गेलं ते सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं एवढंच. किती जणांना मूल झालं, या प्रश्नासाठी तो अभ्यास रचलेलाच नव्हता.

तो प्रश्न अमेरिकेत विचारला गेला. वंध्यत्वावर उपचार घ्यायला आलेल्या २,३७० जोडप्यांतल्या पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटलं. एका गटाला रोज ५ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड आणि ३० मिलिग्रॅम झिंक, दुसऱ्याला प्लासिबो, सहा महिने. कुणाला काय मिळतंय हे पुरुषालाही ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरलाही. निकाल जानेवारी २०२० मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. गोळी घेतलेल्या गटात ३४ टक्के जोडप्यांना मूल झालं. प्लासिबोच्या गटात ३५ टक्के. काउंट, हालचाल, आकार, वीर्याचं प्रमाण, कशातही फरक नव्हता. फरक पडला तो भलत्याच ठिकाणी: शुक्राणूंमधल्या डीएनएची तुटफूट गोळी घेणाऱ्यांत थोडी जास्त निघाली, २७ च्या जागी जवळजवळ ३० टक्के. पोटदुखी आणि मळमळीच्या तक्रारीही सुमारे दुप्पट होत्या.

मला या निकालात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते प्लासिबो गटाचं ३५ टक्के. औषध न घेताही त्या जोडप्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जणांच्या घरी पाळणा हलला. काही जणांना इतर उपचारांनी, काहींना आपोआप. यातल्या प्रत्येक पुरुषाला खरी गोळी मिळाल्याचं वाटलं असतं तर त्याने ती दहा मित्रांना सांगितली असती, आणि त्याच्या दृष्टीने ते खरंच असतं. गुण आल्याच्या गोष्टी अशाच तयार होतात.

काउंटच्या बाबतीत तर ही फसगत आणखी सोपी आहे. समजा, एका ३४ वर्षांच्या नवऱ्याच्या पहिल्या रिपोर्टमध्ये दर मिलिलिटरला १ कोटी १० लाख शुक्राणू आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे, म्हणून तो घाबरला. तीन महिने गोळ्या घेतल्या, पुन्हा तपासणी केली, आकडा १ कोटी ९० लाख. 'गोळ्यांनी मर्यादेच्या वर आणलं' असं घरातल्या सगळ्यांना वाटणं साहजिक आहे. पण एकाच निरोगी पुरुषाचा काउंट आठवड्या-आठवड्याला दुप्पट-निम्मा होऊ शकतो. संबंधांमध्ये किती दिवसांचं अंतर होतं, नमुन्याचा पहिला भाग डबीबाहेर सांडला का, दोन-अडीच महिन्यांपूर्वी डेंगी किंवा जोराचा ताप आला होता का, या प्रत्येक गोष्टीने आकडा हलतो. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस आणि बाहेर येण्याजोगा व्हायला आणखी दहा-बारा दिवस लागतात, त्यामुळे जुन्या तापाचा परिणाम आजच्या रिपोर्टमध्ये दिसतो. आकडा जेव्हा सगळ्यात खाली असतो तेव्हाच माणूस गोळी सुरू करतो. मग पुढचा आकडा बहुधा वरच येतो, गोळी घेतली तरी आणि न घेतली तरी. म्हणूनच प्लासिबोचा गट नसलेल्या अभ्यासाला या विषयात फारशी किंमत नाही. आणि म्हणूनच एका रिपोर्टवर कधीच निर्णय घेऊ नये. दोन ते सात दिवसांचं अंतर पाळून, काही आठवड्यांनी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत दुसरा रिपोर्ट करावा.

आता बाकीच्या अँटिऑक्सिडंटांबद्दल. त्यामागचा तर्क ऐकायला पटतो. शुक्राणूचं वेष्टन सहज खवट होणाऱ्या स्निग्ध पदार्थांचं असतं आणि त्याच्या चिमुकल्या देहात बचावाची रसायनं फारशी मावत नाहीत. तंबाखू, उष्णता, जंतुसंसर्ग यांनी शरीरात ऑक्सिजनचे आक्रमक रेणू वाढले की तो दुबळा पडतो. मात्र याच रेणूंची थोडी मात्रा शुक्राणूला अंड्यात शिरण्यासाठी सज्ज व्हायला लागते. त्यामुळे ते जितके पुसाल तितकं चांगलं, असं गणित इथे चालत नाही.

अमेरिकेतल्याच नऊ केंद्रांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीत व्हिटॅमिन सी, ई, सेलेनियम, कार्निटीन, झिंक, फोलिक ॲसिड आणि लायकोपीन, म्हणजे आपल्याकडच्या पाकिटांसारखंच मिश्रण, रिपोर्टमध्ये दोष असलेल्या १७१ पुरुषांवर तपासलं गेलं. तीन महिन्यांनी काउंट, हालचाल, डीएनए, कशातच सुधारणा नव्हती. मुलं झाली ती गोळीच्या गटात १५ टक्के जोडप्यांना आणि प्लासिबोच्या गटात २४ टक्के. संख्या लहान असल्याने हा फरक योगायोगाचा असू शकतो, म्हणून गोळीने नुकसान झालं असं म्हणता येत नाही. फायदा झाला असं तर मुळीच नाही.

मग फायद्याची बाजू कुठून येते? कॉक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये जगभरचे ९० अभ्यास आणि दहा हजारांहून जास्त पुरुष एकत्र धरून पाहिले. मूल प्रत्यक्ष जन्मलं का, हे त्यातल्या फक्त १२ अभ्यासांनी सांगितलं होतं. त्यांची बेरीज केली तर शंभरातल्या १६ जोडप्यांच्या जागी १७ ते २७ जोडप्यांना मूल होईल असा अंदाज निघतो. पण सदोष पद्धतीचे अभ्यास वगळले की हा फायदा ठामपणे दिसत नाही. लेखकांनीच पुराव्याचा दर्जा 'अत्यंत कमी' ठरवला आहे.

कोएन्झाइम क्यू१० हा या यादीतला सगळ्यात महागडा घटक. पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांना तो लागतो, शरीर तो स्वतःच तयार करतं, आणि शुक्राणूच्या मधल्या भागात अशी ऊर्जाकेंद्रं गुंडाळलेली असतात. चाचण्यांमध्ये रोज २०० ते ३०० मिलिग्रॅम असे डोस वापरले गेले. २०१३ मध्ये अशा तीन चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा काउंट आणि हालचाल यांत वाढ दिसली, पण गर्भधारणा वाढली नाही, आणि बाळ जन्मलं का याची नोंद तिन्हींपैकी एकीतही नव्हती. झिंकची २००२ सालची जी अवस्था होती, तिथे क्यू१० अजून उभा आहे: रिपोर्ट सुधारल्याच्या काही खुणा आहेत, मोठी परीक्षा झालेली नाही. झिंकचं पुढे काय झालं ते पाहता मी तरी त्यावर भरवसा ठेवणार नाही.

'नाही उपयोग झाला तरी अपाय तर नाही ना?' असा प्रश्न हमखास येतो. तीन महिने साधा डोस घेतला तर बहुधा नाही. पण प्रौढाने दिवसाला ४० मिलिग्रॅमपेक्षा जास्त झिंक दीर्घकाळ घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं आणि त्यातून रक्तक्षय व नसांचे विकार होऊ शकतात. दोन वेगवेगळ्या ब्रँडच्या गोळ्या एकत्र घेतल्या की ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. दिवसाला ४०० युनिट व्हिटॅमिन ई वर्षानुवर्षं घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग थोडा वाढल्याचं अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दिसलं आहे.

खरा अपाय मात्र वेळेचा असतो. पत्नी ३६ वर्षांची असेल तर दोन कोर्समध्ये गेलेलं वर्ष परत मिळत नाही. त्या वर्षात जे तपासायला हवं होतं ते राहून जातं. अंडकोषाभोवतीच्या शिरा फुगणं, म्हणजे व्हेरिकोसील, हे वंध्यत्वासाठी आलेल्या पुरुषांत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जणांत सापडतं आणि ते हाताने तपासूनच कळतं. जिममध्ये घेतलेलं टेस्टोस्टेरॉन मेंदूकडून अंडकोषाला जाणारा आदेशच बंद करतं. ते थांबवल्याशिवाय कुठल्याही गोळीने काउंट येत नाही. रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य असतील तर अडथळा, हार्मोन किंवा जनुकीय कारण शोधावं लागतं. तिथे झिंकला काहीच काम नाही.

अमेरिकेतल्या मूत्ररोग आणि प्रजननतज्ज्ञांच्या संस्थांनी २०२० च्या संयुक्त मार्गदर्शनात डॉक्टरांना सांगितलं आहे की या पूरकांचा उपयोग शंकास्पद आहे हे रुग्णाला स्पष्ट सांगावं. तुमच्या हातात पाकीट आलं असेल तर देणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: दुसरा रिपोर्ट केला का, अंडकोषाची तपासणी कधी होणार, आणि पत्नीच्या वयाचा विचार करता आपण किती महिने थांबू शकतो? उत्तरं मिळेपर्यंत तंबाखू आणि गुटखा सोडा, टेस्टोस्टेरॉन घेत असाल तर डॉक्टरांना सांगा आणि गोळ्यांचे पैसे मूत्ररोगतज्ज्ञाच्या तपासणीसाठी राखून ठेवा.