बँकॉकहून परतीचं एक पान

समजा, नाशिकच्या एक निवृत्त शिक्षिका नवऱ्याबरोबर बँकॉकला फिरायला गेल्या आहेत. शुक्रवारी संध्याकाळी प्रतुनामच्या बाजारातून खरेदी करून दोघं टॅक्सीने हॉटेलवर आले. खोलीत पिशव्या टेकल्या आणि लक्षात आलं, खांद्याला पर्स नाही. पासपोर्ट पर्समध्ये होता. परतीचं विमान रविवारी रात्रीचं आहे. अशा वेळी बहुतेक कुटुंबांत घरच्यांना पहिला फोन जातो तो 'पासपोर्ट ऑफिसात कुणी ओळखीचं आहे का बघा' असा. त्याचा उपयोग नसतो. परदेशात असलेल्या भारतीयासाठी पासपोर्ट ऑफिस म्हणजे तिथला भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास. बँकॉकमध्ये तो सुखुमवित भागात सोई २३ मध्ये आहे. अर्ज तिथल्या कॉन्सुलर विभागाच्या नावाने करायचा.

पण अर्जाआधी पोलीस. थायलंडमध्ये पर्यटकांसाठी वेगळे टुरिस्ट पोलीस असतात, त्यांचा नंबर ११५५, आणि तिथे इंग्रजीत बोलता येतं. त्यांच्याकडून किंवा जवळच्या पोलीस चौकीतून तक्रारीची लेखी प्रत घ्यायची. इथे एका शब्दाची काळजी घ्यावी लागते. पर्स टॅक्सीत राहिली असेल तर 'हरवली' सांगायचं. 'चोरली' म्हटलं की प्रश्न जास्त गंभीरपणे घेतील असं वाटून लोक तसं लिहून देतात आणि दूतावासातल्या अर्जात मग खरं ते लिहितात. दोन कागदांत दोन हकिगती दिसल्या की अधिकारी थांबतो, आणि त्याचं थांबणं बरोबरच असतं, कारण भारतीय पासपोर्ट विकलेही जातात. ठाऊक नसेल तर 'टॅक्सीतून उतरल्यावर पर्स नसल्याचं लक्षात आलं' एवढंच लिहावं. ठिकाण, तारीख, वेळ मात्र दोन्हीकडे तीच हवी.

आता पत्र. दूतावासाचा ठरलेला अर्ज भरावा लागतोच, पण सोबत सही केलेलं एक पानभर पत्र असतं. ते वाचणाऱ्याला चार गोष्टी तपासायच्या असतात: ही व्यक्ती कोण, ती भारतीय नागरिक आहे का, कोणता पासपोर्ट रद्द करायचा, आणि तिला नेमकं काय हवं आहे. पत्रातली प्रत्येक ओळ यापैकी एकाचं उत्तर असावी. बाईंचं पत्र इंग्रजीतच जाईल, पण त्याचा मजकूर मराठीत सांगायचा तर साधारण असा:

'मी भारतीय नागरिक असून पर्यटनासाठी अमुक तारखेला बँकॉकला आले. शुक्रवार दि. … रोजी संध्याकाळी सुमारे साडेसातला प्रतुनाम बाजार ते हॉटेल या टॅक्सीप्रवासानंतर माझी पर्स व त्यातला पासपोर्ट नसल्याचं लक्षात आलं. पासपोर्ट क्रमांक …, दिलेला दिनांक …, दिल्याचं ठिकाण …. पोलिसांत तक्रार केली असून प्रत जोडली आहे. हा पासपोर्ट रद्द करावा. तो नंतर सापडल्यास मी तो वापरणार नाही आणि आपल्याकडे जमा करीन. मला भारतात परतण्यासाठी इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळावं ही विनंती. मी बँकॉकहून थेट मुंबईला जाणार आहे.'

खाली पासपोर्टवर आहे तसं पूर्ण नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं, भारतातला पत्ता, हॉटेलचा पत्ता आणि तिथे लागणारा फोन नंबर. बस. 'सहल बिघडली, फार मनस्ताप होतोय' याला पत्रात जागा नाही. घरी कुणी अत्यवस्थ असेल तर ते जरूर लिहावं, पण रुग्णालयाचा कागद जोडून.

नावाच्या बाबतीत आपल्याकडच्या बायकांची हमखास अडचण होते. पासपोर्ट माहेरच्या नावाने, आधार सासरच्या. पत्रात पासपोर्टवरचंच नाव वापरावं आणि 'आधार कार्डावर माझं विवाहानंतरचं नाव आहे' हे एका ओळीत आधीच सांगून टाकावं. शिवाय आधार ही ओळख झाली, नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. हरवलेल्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत सगळ्यात भारी पडते. शेवटच्या पानावर आईवडिलांची नावं, पत्ता आणि फाइल क्रमांक असतो, त्यावरून जुनी नोंद शोधता येते. फोनमध्ये फोटो नसेल तर हॉटेलच्या काउंटरवर विचारावं. थायलंडमध्ये परदेशी पाहुण्याची माहिती इमिग्रेशनला कळवावी लागते, म्हणून हॉटेलकडे निदान फोटोच्या पानाची प्रत बहुधा असते. सहल कंपनीने व्हिसा किंवा तिकिटासाठी मागितलेली प्रत त्यांच्या मेलमध्ये पडलेली असते.

मग नवा पासपोर्टच का मागू नये? मागता येतो, पण त्यासाठी जास्त तपासणी होते आणि वेळ लागतो. इमर्जन्सी सर्टिफिकेट म्हणजे एकदाच, एकाच दिशेने, भारतात परत येण्यापुरता कागद. आखाती देशांतली आपली माणसं त्याला 'आउटपास' म्हणतात. बाईंना घरी यायचं आहे, तर हाच ठीक. सहलीत पुढे सिंगापूर असतं तर हा कागद तिथे उपयोगाचा नव्हता. परतीचं तिकीट दुसऱ्या देशात विमान बदलून असेल तरी विमान कंपनीला आधी विचारावं. थेट विमान बरं.

शुक्रवारी रात्रीच पत्र आणि प्रती ई-मेलने पाठवून दूतावासाच्या आपत्कालीन नंबरवर फोन करता येतो. मात्र शनिवार-रविवारी कागद हातात पडेल असं धरून चालू नये. रविवारचं तिकीट शनिवारीच पुढे ढकलणं शहाणपणाचं. दूतावासाच्या सुट्ट्यांची यादी त्याची स्वतःची असते, काही भारतातल्या, काही तिथल्या. सोमवार मोकळा आहे ना हेही बघून घ्यावं. शनिवारी फोटो काढायचे, प्रती जमवायच्या आणि सोमवारी सकाळी खिडकीशी उभं राहायचं.

कागद मिळाला की लोक सरळ विमानतळाची टॅक्सी पकडतात, आणि घोटाळा तिथेच होतो. बाई थायलंडमध्ये कायदेशीर आल्या याचा शिक्का हरवलेल्या पासपोर्टवर होता. नव्या कागदावर तसं काहीच नाही. त्यासाठी बँकॉकमध्ये चेंग वत्तना इथल्या इमिग्रेशन कार्यालयात जाऊन आगमनाची नोंद नव्या कागदावर करून घ्यायची असते. पोलीस तक्रार, सर्टिफिकेट आणि जुन्या पासपोर्टची प्रत सोबत न्यावी. या धावपळीत मुक्कामाची परवानगी संपली तर जादा दिवसाला ५०० बाट दंड पडतो. म्हणून नवं तिकीट सोमवार रात्रीचं नको. मंगळवार-बुधवारचं काढलेलं बरं.

आणि मंगळवारी टॅक्सीवाला पर्स घेऊन हॉटेलवर आला तर? तो पासपोर्ट आता निकामी. रद्द केलेल्या पासपोर्टचा क्रमांक इंटरपोलच्या हरवलेल्या-चोरलेल्या कागदपत्रांच्या यादीत गेलेला असू शकतो. २००२ पासून चालू असलेली ही यादी देशोदेशीच्या सीमेवर तपासली जाते. त्यामुळे पासपोर्ट दाखवून बाहेर पडायला जाणारा स्वतःच संशयित ठरतो. तो दूतावासात जमा करायचा आणि सर्टिफिकेटवरच प्रवास करायचा.

मुंबईत उतरल्यावर इमिग्रेशनचे अधिकारी दोन-चार प्रश्न विचारतात आणि सर्टिफिकेट तिथेच ठेवून घेऊ शकतात, म्हणून निघण्यापूर्वी त्याची झेरॉक्स हवीच. थाई पोलिसांच्या तक्रारीची मूळ प्रतही जपून आणावी. नाशिकहून नव्या पासपोर्टसाठी अर्ज करताना पासपोर्ट कसा हरवला याचं 'अॅनेक्शर एफ' नावाचं प्रतिज्ञापत्र लागतं आणि त्यातली हकिगत पुन्हा याच तक्रारीशी ताडून बघितली जाते. जुन्या पासपोर्टवर अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा असेल, तर तोही गेला असंच समजायचं. त्याची खबर अमेरिकी दूतावासाला वेगळ्या पत्राने द्यावी लागते आणि व्हिसासाठी नव्याने अर्ज करावा लागतो.