उणे ३०,५१,८४,६०० म्हणजे कोणती तारीख?

जुन्या संगणकातून ग्राहकांची किंवा निवृत्तिवेतनधारकांची यादी बाहेर काढली की जन्मतारखेच्या रकान्यात कधी कधी तारखांऐवजी नुसते लांबलचक आकडे निघतात. वयस्कर मंडळींच्या नावापुढे तर ते चक्क उणे असतात. पाहणाऱ्याला वाटतं, माहिती बिघडली. बहुतेक वेळा ती अगदी शाबूत असते, फक्त वाचता यावी लागते. उदाहरणादाखल हा आकडा पाहा:

```
-305184600
```

ज्या दिवशी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आलं, त्या १ मे १९६०ची मध्यरात्र या आकड्यात आहे. ती बाहेर काढायला भागाकार पुरतो, पण त्यात एक खाच आहे आणि बरेचसे प्रोग्रॅम तिथेच अडखळतात.

आधी हा आकडा कशाचा ते पाहू. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिक्स ही संगणकप्रणाली घडवली, तेव्हा वेळ साठवण्यासाठी त्यांनी महिने-वर्षांची भानगड ठेवलीच नाही. एक क्षण ठरवायचा आणि तिथून किती वेळ लोटला एवढंच मोजायचं. १९७१च्या पहिल्या माहितीपुस्तिकेत ही मोजणी १ जानेवारी १९७१पासून आणि सेकंदाच्या साठाव्या भागात होती. ३२ बिटांची जागा त्या वेगाने अडीच वर्षांच्या आतच भरून जायची. पुढे मोजणी पूर्ण सेकंदांवर आली आणि आरंभ १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीवर स्थिरावला. ही मध्यरात्र ग्रिनिचची, आपली नव्हे. भारतात त्या वेळी पहाटेचे साडेपाच वाजले होते.

शून्याच्या आधीचे क्षण मग ओघानेच उणे झाले. उणे १ म्हणजे ग्रिनिचच्या घड्याळात ३१ डिसेंबर १९६९, रात्री ११ वाजून ५९ मिनिटं ५९ सेकंद. ३२ बिटांत अधिक-उणे दोन्ही आकडे बसवले तर मागे १३ डिसेंबर १९०१पर्यंत जाता येतं आणि पुढे १९ जानेवारी २०३८पर्यंत. आताच्या ६४ बिटांच्या संगणकांना ही मर्यादा उरलेली नाही.

आता महाराष्ट्राचा आकडा सोडवू. दिवसाचे सेकंद ८६,४००. उणे चिन्ह क्षणभर बाजूला ठेवून ३०,५१,८४,६०० ला ८६,४०० ने भागलं, तर ३,५३२ पूर्ण दिवस येतात आणि बाकी १९,८०० सेकंद, म्हणजे साडेपाच तास. आरंभापासून ३,५३२ दिवस मागे गेलं की आपण १ मे १९६०च्या मध्यरात्री, ग्रिनिचच्या वेळेने, येऊन थांबतो. पण आकडा इथे संपत नाही. अजून साडेपाच तास मागे जायचं आहे आणि ते ३० एप्रिलमध्ये पडतात.

खाच ती हीच. दिवस मागे मोजले तरी दिवसाच्या आतलं घड्याळ पुढेच चालतं. ३० एप्रिलला 'उणे साडेपाच' वाजत नाहीत, संध्याकाळचे साडेसहा वाजतात. म्हणून बाकी कधीही उणे ठेवायची नाही. एक दिवस जास्त मागे जायचं, ३,५३३, आणि तिथून उरलेले सेकंद पुढे मोजायचे: ८६,४०० वजा १९,८०० म्हणजे ६६,६००, बरोबर साडेअठरा तास.

३,५३३ दिवसांची तारीख कागदावरही निघते. १९६९पासून १९६१पर्यंतच्या नऊ वर्षांत १९६८ आणि १९६४ ही दोन लीप वर्षं, तेव्हा दिवस ३,२८७. आपण १ जानेवारी १९६१वर आलो, उरले २४६. डिसेंबरपासून मेपर्यंतच्या आठ महिन्यांत २४५ जातात, की १ मे १९६०. उरलेला एक दिवस मागे घेतला की ३० एप्रिल. त्या दिवशी ग्रिनिचला साडेअठरा वाजले असताना साडेपाच तास मिळवले, की भारतात नेमके रात्रीचे बारा, १ मे. हाच आकडा न्यू जर्सीतल्या नातेवाइकाच्या संगणकावर ३० एप्रिलची दुपार दाखवील आणि तेही बरोबरच आहे.

सी भाषेतला भागाकार मात्र शून्याच्या दिशेने तोडतो. त्यातून उणे ३,५३२ आणि उणे १९,८०० मिळतात, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ते दुरुस्त केले नाहीत तर ग्रिनिचची तारीख एक दिवस पुढची छापली जाते. पायथनचा पूर्णांकी भागाकार खालच्या बाजूला जातो, तिथे उणे ३,५३३ आणि ६६,६०० सरळ हाती येतात. चुकीचा प्रोग्रॅम ओळखायची खूण अशी की १९७०नंतरच्या सगळ्या तारखा बरोबर, आधीच्या एका दिवसाने पुढे, आणि बाकी शून्य आली असेल तेवढ्याच नोंदी बरोबर.

याहून ठळक घोटाळा होतो तो ३२ बिटांचा उणे आकडा कुणी अधिक समजून वाचला तर. मग आपला १ मे १९६० एकदम ६ जून २०९६वर जातो. ज्येष्ठ नागरिकांच्या यादीत अजून न जन्मलेली माणसं दिसली, तर आकड्यातून ४,२९,४९,६७,२९६ वजा करून पाहावेत. खरी तारीख बहुधा परत येते.

उणे १ कडे मात्र संशयानेच पाहायला हवं. सी भाषेतलं `mktime` हे फंक्शन तारीख जमली नाही की उणे १ परत करतं. भारतीय वेळेत तो क्षण १ जानेवारी १९७०, पहाटे ५:२९:५९ असा दिसतो आणि शून्य पडलेलं असेल तर ५:३०. यादीत अशा जन्मवेळा ढिगाने आल्या, तर ती माणसं त्या पहाटे जन्मलेली नाहीत, त्यांची तारीख भरलेलीच नाही. काही साधनं उणे आकडा घेतच नाहीत. विंडोजवर पायथनच्या बऱ्याच आवृत्त्यांत `fromtimestamp` उणे आकड्यावर थेट त्रुटी देतं. तिथे आरंभात सेकंद मिळवणं हा खात्रीचा मार्ग:

```
datetime(1970,1,1) + timedelta(seconds=-305184600)
```

उत्तर येतं `1960-04-30 18:30:00`, ग्रिनिचच्या वेळेत. एक्सेलमध्ये आकडा A1 मध्ये असेल, तर भारतीय वेळेसाठी हे सूत्र चालतं, उत्तराच्या खान्याला फक्त तारखेचं रूप द्यावं लागतं:

```
=(A1+19800)/86400+DATE(1970,1,1)
```

या सूत्रातले १९,८०० मात्र भारताच्या सगळ्या इतिहासाला लागू पडत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२पासून ऑक्टोबर १९४५च्या मध्यापर्यंत, आपली घड्याळं एक तास पुढे होती, ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे. १० मार्च १९४३ची मध्यरात्र त्या हिशेबाने साठवलेली असेल आणि आपण साडेपाचच तास मिळवले, तर ९ मार्च, रात्रीचे अकरा असं उत्तर येतं. रकान्यात फक्त तारीख दाखवली की तास दिसत नाहीत आणि माणूस एक दिवस आधी जन्मलेला ठरतो. त्या तीन वर्षांतलीच मंडळी एका दिवसाने मागे सरकलेली दिसली, तर कारण हेच. अशा नोंदी ठरावीक साडेपाच तासांनी न वाचता `Asia/Kolkata` या नावाने वाचाव्यात, त्यात युद्धकाळातला बदल नोंदलेला आहे. मूळ नोंद साडेपाचच्याच हिशेबाने झालेली असली, तरी १० मार्च, रात्रीचा एक असं येईल आणि तारीख बिघडणार नाही.