अभ्यासकाची कार्यसूची कशी वाचावी



एखाद्या प्राध्यापकाचा शैक्षणिक परिचय आपण पाहतो, तेव्हा त्यात बहुधा तीन याद्या असतात. प्रकाशनांची, व्याख्यानांची आणि मार्गदर्शन केलेल्या विद्यार्थ्यांची. या तीन याद्यांना मिळून आपण येथे ‘कार्यसूची’ म्हणू. पदवीनंतर पुढे शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला ती वाचता आली पाहिजे, कारण दूरशिक्षणातील विद्यार्थ्याला विभागाच्या दारात उभे राहून कोण काय शिकवते हे विचारण्याची सोय नसते. मार्गदर्शक निवडताना त्याच्या हाती पुष्कळदा एवढेच कागद असतात.

माझ्या अभ्यासकेंद्रातील एक शिक्षक-विद्यार्थी आपल्या गावच्या बोलीवर काम करू इच्छीत होते. एम. ए. झाल्यावर त्यांनी साठ नोंदींची यादी पाहून मार्गदर्शक निवडला. त्या साठ नोंदींत बोलींविषयी अकरा होत्या. पण त्या अकरांच्या मुळाशी एकच चार पानी टिपण होते, हे त्यांना दीड वर्षाने कळले. प्रत्यक्ष बोली ध्वनिमुद्रित करून तिचे विश्लेषण त्या प्राध्यापकांनी कधी केलेच नव्हते. यात फसवणूक होती असे मी म्हणणार नाही. नोंदी खऱ्या होत्या, त्या वाचण्यात चूक झाली होती.

नोंद कशी वाचायची ते पाहण्यासाठी तीन नमुने घेऊ. हे मी येथे रचलेले आहेत. खऱ्या व्यक्तीचे नाहीत.

पहिला : ‘वऱ्हाडीतील क्रियारूपे’, एका त्रैमासिकात, २०१८, पृ. ४१–५८.
दुसरा : ‘बोली आणि प्रमाणभाषा : एक चिंतन’, एका चर्चासत्राच्या स्मरणिकेत, २०१९, पृ. ११२–११५.
तिसरा : ‘विदर्भातील बोलींच्या सीमा’, प्रकाशनाधीन.

प्रथम पृष्ठांक पाहा. पहिला निबंध अठरा पानांचा आहे. एवढ्या जागेत सामग्री कोठून व कशी गोळा केली हे सांगता येते, रूपावली मांडता येते, अपवादांची चर्चा करता येते. दुसरा चार पानांचा आहे. चार पानांत चांगला विचार मांडता येतो, पण भाषिक सामग्रीचे विश्लेषण सहसा मावत नाही. शीर्षकांतही फरक आहे. पहिल्यात विशिष्ट बोली आणि विशिष्ट व्याकरणिक कोटी आहे. दुसऱ्यात दोन व्यापक नामे ‘आणि’ने जोडलेली आहेत. अशी शीर्षके वाईट नसतात, परंतु एकाच यादीत ‘बोली आणि प्रमाणभाषा’, ‘प्रमाणभाषा व बोली’, ‘बोलींचा प्रश्न’ अशी आठ-दहा आली, तर मूळ निबंध मिळवून शेजारी ठेवून पाहावेत.

तिसऱ्या नोंदीतील ‘प्रकाशनाधीन’ या शब्दाकडे भाषेचा विद्यार्थी म्हणून नीट पाहा. ‘सादर’ म्हणजे लेखकाने पाठवला. संपादकाने अजून काहीही म्हटलेले नाही. ‘विचाराधीन’ म्हणजे परीक्षकांकडे आहे. ‘स्वीकृत’ म्हणजे संपादकाने होकार दिला. ‘प्रकाशनाधीन’ हा शब्द मात्र यांपैकी कशालाही वापरला जातो, आणि म्हणून तो सर्वांत कमी सांगतो. माझ्या स्वतःच्या यादीत एक निबंध नऊ वर्षे प्रकाशनाधीन होता. ज्या संपादित ग्रंथासाठी तो लिहिला, तो ग्रंथ निघालाच नाही आणि मी ती नोंद खोडली नाही. आपल्यापुढील यादीत या शब्दापुढे वर्ष असेल तर किती वर्षे उलटली ते मोजा. वर्षच नसेल तर ती नोंद सध्या बाजूला ठेवा.

आता नियतकालिकाविषयी. नोंदीत पुष्कळदा ‘आयएसएसएन’ हा आठ स्थानांचा क्रमांक दिलेला असतो. हा नियतकालिकाला ओळखण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक आहे. त्यातील शेवटचे स्थान पडताळणीचे असते, त्यामुळे क्रमांक चुकीचा छापला गेला आहे का हे कागद-पेन्सिलीने तपासता येते. अमेरिकेतील भाषावैज्ञानिक संस्थेच्या ‘लँग्वेज’ या नियतकालिकाचा क्रमांक 0097-8507 असा आहे. पहिल्या सात अंकांना अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३, २ यांनी गुणून बेरीज करायची.

```
0×8 + 0×7 + 9×6 + 7×5 + 8×4 + 5×3 + 0×2 = 136
136 ÷ 11 : बाकी 4
11 − 4 = 7
```

उत्तर ७ आले आणि क्रमांकाचा शेवटचा अंकही ७ आहे. टंकलेखनात ८ आणि ५ यांची अदलाबदल होऊन 0097-5807 असे छापले गेले असते, तर बेरीज १३३ झाली असती, बाकी १ उरली असती आणि वजाबाकीचे उत्तर १० आले असते. १० साठी क्रमांकाच्या शेवटी रोमन X लिहितात. छापलेल्या क्रमांकाच्या शेवटी मात्र ७ आहे, म्हणजे तो चुकलेला आहे. (बाकी शून्य उरली तर पडताळणीचा अंकही शून्यच असतो.)

या गणिताची मर्यादाही ध्यानात ठेवा. क्रमांक जुळला म्हणजे तो बहुधा बिनचूक छापलेला आहे, एवढेच म्हणता येते. आयएसएसएन ही गुणवत्तेची पावती नव्हे; पाककृतींच्या मासिकालाही तो मिळतो. ‘आयएसएसएन प्राप्त आंतरराष्ट्रीय संशोधनपत्रिका’ या शब्दावलीने म्हणूनच प्रभावित होऊ नये. शिवाय दुसऱ्याच नियतकालिकाचा खरा क्रमांक उचलून वापरणारीही मंडळी आहेत. त्यासाठी portal.issn.org येथे तो क्रमांक टाकून कोणते नाव येते ते पाहावे. नाव वेगळे आले तर संशय घ्यावा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या मे महिन्यात आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली होती. त्या काळातल्या नोंदी वाचताना ‘आयोगमान्य’ हे विशेषण कोणत्या वर्षाचे आहे हेही विचारावे लागते.

उलट बाजूही सांगतो. मराठीतील कित्येक चांगल्या निबंधांना कोणताच संगणकीय ओळख-क्रमांक नाही. मराठी अभ्यास परिषदेचे ‘भाषा आणि जीवन’ १९८३ पासून निघते. त्याच्या जुन्या अंकांतील लेखन केवळ क्रमांकाची शेपटी नाही म्हणून कमी मोलाचे ठरत नाही. अशोक रा. केळकरांची कार्यसूची या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. १९५८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या स्वनव्यवस्थेवर व रूपव्यवस्थेवर इंग्रजीतून प्रबंध, १९६८ मध्ये डेक्कन कॉलेजकडून हिंदी-उर्दूवरील ग्रंथ, १९८३ मध्ये मराठीत ‘वैखरी’, २००८ मध्ये ‘रुजुवात’. ही चारच वर्षे वाचली तरी वर्णनात्मक भाषाविज्ञानाकडून भाषाव्यवहार व साहित्यमीमांसेकडे गेलेली एक वाट दिसते. नुसते नोंदींचे आकडे मोजणाऱ्याला ती दिसणार नाही. तेव्हा यादी वाचताना वर्षे उतरत्या क्रमाने दिली असतील तर ती खालून वर वाचत जा.

केळकरांवरून एक व्यावहारिक गोष्ट आठवली. ग्रंथालयाच्या सूचीत त्यांचे नाव रोमन लिपीत शोधताना ‘ळ’चा ‘l’ होतो, आणि ‘वैखरी’ कधी Vaikhari तर कधी ई-कारावर रेघ देऊन Vaikharī अशी भेटते. मराठी लेखकांच्या बाबतीत आद्याक्षरांचा क्रमही बदलतो. एका शोधात काही सापडले नाही म्हणून प्रकाशनच नाही, असा निष्कर्ष काढू नये.

व्याख्यानांच्या यादीबद्दल फार लिहीत नाही. ‘निबंधवाचन’ म्हणजे स्वतःचे संशोधन मांडले, ‘बीजभाषण’ म्हणजे चर्चासत्राची दिशा सांगणारे निमंत्रित भाषण केले, ‘सत्राध्यक्ष’ म्हणजे इतरांचे ऐकून समारोप केला. ‘साधनव्यक्ती’ म्हणजे कार्यशाळेत शिकवले. सगळीच कामे आवश्यक आहेत, पण संशोधनाचा मागोवा निबंधवाचनातूनच लागतो.

तो कसा लावायचा ते पहिल्या नमुन्यावर करून पाहू. ‘वऱ्हाडीतील क्रियारूपे’ हा निबंध २०१८ चा आहे. त्याच प्राध्यापकांच्या व्याख्यानांत २०१६ चे ‘वऱ्हाडीतील भविष्यकाळ’ असे निबंधवाचन सापडले, आणि मार्गदर्शनाच्या यादीत २०२१ मध्ये विदर्भातील दुसऱ्या एखाद्या बोलीवर पदवीप्राप्त विद्यार्थी असला, तर तिन्ही याद्यांतून एकच धागा जातो. विषय आधी समवयस्कांपुढे मांडला, टीका ऐकून दोन वर्षांनी विस्तारला, आणि मग विद्यार्थ्याच्या हाती दिला. दुसऱ्या नमुन्याच्या मागे-पुढे असे काहीच नसेल, तर तो विषय प्रासंगिक समजावा.

मार्गदर्शनाच्या यादीतही शब्द तपासायचे असतात. ‘नोंदणीकृत’, ‘प्रबंध सादर’ आणि ‘पदवी प्रदान’ या तीन निरनिराळ्या अवस्था आहेत. यादीत दहा नावे आहेत, पण पदवी प्रदान झालेली दोनच, आणि उरलेल्यांची नोंदणी आठ-नऊ वर्षांपूर्वीची, तर त्या विद्यार्थ्यांचे काय झाले हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. पदवी मिळालेले प्रबंध shodhganga.inflibnet.ac.in या राष्ट्रीय संग्रहात शोधता येतात; तेथे नोंदीत मार्गदर्शकाचे नाव असते. सर्वच जुने प्रबंध तेथे नाहीत, तरी एक-दोन सापडले तर त्यांचे सामग्रीसंकलनाचे प्रकरण अवश्य वाचा. मार्गदर्शक विद्यार्थ्याकडून किती काम करवून घेतो हे तेथे उघड होते.

जागेचाही प्रश्न असतो. आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक विद्यार्थी असू शकतात. ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला आहे, त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. त्याच नियमांनुसार पीएच. डी. दूरशिक्षणाने करता येत नाही, म्हणून नोकरी सांभाळून नोंदणी करू इच्छिणाऱ्यांनी हा विचार आधीच करावा. सहायक प्राध्यापकाच्या यादीत ‘नोंदणीकृत’ अशी चार नावे दिसत असतील, तर तेथे सध्या जागा नाही. पत्र लिहिताना तसे गृहीत धरूनच लिहावे.

त्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी पुढे दुसऱ्या प्राध्यापिकांना पत्र लिहिले. त्यांच्या यादीत नोंदी केवळ चौदा होत्या. पत्रात स्वतःच्या आवडीचे वर्णन न करता त्यांनी बाईंच्या एका निबंधातील एका तक्त्याचा उल्लेख केला आणि लिहिले, ‘मॅडम, या तक्त्यात आपण तिसऱ्या पुरुषाचे जे रूप दिले आहे, ते आमच्या गावी वेगळे होते. माझ्याकडे ध्वनिमुद्रण आहे.’ उत्तर चौथ्या दिवशी आले. त्यात जागेविषयी एक अक्षरही नव्हते. ध्वनिमुद्रण कोणत्या वयाच्या व्यक्तीचे आहे, एवढेच विचारले होते.