कडब्याला जोड चाटण विटेची

एप्रिल-मे महिन्यांत माण, सांगोला, जत या पट्ट्यातल्या गोठ्यांत गाईपुढे बहुतेक वेळा नुसता ज्वारीचा कडबा असतो. सुरुवातीला गाय तो मन लावून खाते, मग खाणं कमी होतं आणि महिनाभरात फासळ्या मोजता येतात. कडबा अंगी लागत नाही, अशी पशुपालकाची तक्रार असते आणि ती खरी असते. कडब्यात प्रथिनं असतात शेकडा चारच्या आसपास. गाय कडबा पचवते ती कोटीपोटातल्या असंख्य सूक्ष्मजीवांच्या जोरावर, आणि त्यांना वाढायला नत्र लागतं. खाल्लेल्या वैरणीत प्रथिनं शेकडा सातच्या खाली गेली, की त्यांचीच उपासमार होते. मग कडबा पोटात नुसता पडून राहतो, पोट हलकं होत नाही आणि म्हणून गाय गव्हाणीपासून तोंड फिरवते.

युरिया-मळी-खनिज वीट, म्हणजेच चाटण वीट, या सूक्ष्मजीवांसाठी आहे. गुजरातेत आणंदच्या राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाने १९८० च्या दशकात ती आपल्याकडे रुजवली. विटेतल्या युरियाचा कोटीपोटात अमोनिया होतो. तो अमोनिया आणि मळीतली साखर घेऊन सूक्ष्मजीव आपलं शरीर वाढवतात, तेच पुढे आतड्यात जाऊन पचतात आणि गाईला प्रथिनं मिळतात. हे साधतं ते रवंथ करणाऱ्या जनावरांतच. घोडा, गाढव, डुक्कर यांना ही वीट देऊ नये. सहा महिन्यांखालच्या वासरांनाही नको, कारण त्यांचं कोटीपोट अजून तयार झालेलं नसतं.

मग युरिया थेट पेंडीत कालवून का देऊ नये? कारण सूक्ष्मजीवांना अमोनिया थोडा थोडा, दिवसभर हवा असतो. एकदम जास्त युरिया पोटात गेला, तर त्यांच्या वापरण्याच्या वेगापेक्षा अमोनिया वेगाने तयार होतो, रक्तात उतरतो आणि यकृताला तो निस्तरता येत नाही. गाय मरू शकते. म्हणून युरिया कडक विटेत कोंडायचा आणि जिभेने झिजेल तेवढाच पोटात जाऊ द्यायचा. विटेचा कडकपणा हाच गाईच्या सुरक्षिततेचा आधार आहे.

विस्तवाशिवाय बनवण्याची रीत सोपी आहे. दहा किलोच्या घाण्याला साडेचार किलो मळी (साखर कारखान्यातला घट्ट मोलॅसिस), एक किलो युरिया, अर्धा किलो मीठ, अर्धा किलो खनिज मिश्रण, एक किलो सिमेंट किंवा कळीचा चुना आणि अडीच किलो गव्हाचा कोंडा. आधी युरियाची ढेकळं बारीक फोडून तो मळीत पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचा. इथे घाई नको, कारण एखादं ढेकूळ तसंच राहिलं तर ते एका चाटण्यात एका गाईच्या पोटात जाऊ शकतं. मग मीठ आणि खनिज मिश्रण, त्यानंतर सिमेंट किंवा चुना, आणि शेवटी कोंडा. मिश्रण साच्यात दाबून भरायचं, घट्ट धरल्यावर साचा काढायचा आणि वीट सावलीत, वाऱ्यावर दोनेक आठवडे वाळवायची. मळी पातळ करायला पाणी घालण्याचा मोह आवरावा. मऊ विटेचं नेहमीचं कारण हे पाणीच असतं, किंवा मुळातच पातळ आलेली मळी.

सिमेंटचं नाव ऐकून अनेक जण दचकतात. गाय दिवसाला अर्धा किलो वीट चाटते असं धरलं, तर पन्नास ग्रॅम सिमेंट पोटात जातं, आणि एवढ्याने अपाय होत नाही. मनाला पटत नसेल तर चुना वापरावा. खरी अडचण कच्च्या मालाची आहे. मळीवर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असतं. खताच्या दुकानातला अनुदानित युरिया कायद्याने फक्त पिकांसाठी आहे. त्यामुळे एकट्या शेतकऱ्याने घरी चार विटा पाडण्यापेक्षा दूध संघाने रीतसर परवानगीने माल घेऊन विटा बनवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

वाळलेल्या विटेवर अंगठा जोरात दाबावा. तो रुतला, तर वीट गोठ्यात न्यायची नाही. त्याहून चांगली परीक्षा गोठ्यातच होते. तीन किलोची वीट एका गाईला साधारण सहा दिवस पुरावी. ती दोन दिवसांत संपली तर वीट मऊ आहे किंवा गाय ती चावून खाते आहे, लगेच काढून घ्यावी. पंधरा दिवस टिकली, तर ती इतकी कडक आहे की तिचा उपयोगच होत नाही. वीट लाकडी खोक्यात बसवून फक्त वरची बाजू उघडी ठेवली, तर गाईला कडेने चावा घेता येत नाही. खोक्याला तळाशी भोक हवंच, कारण पाऊस किंवा पाणी लागून तळाला साचलेला रस म्हणजे युरियाचं विष. बुरशी आलेली वीट फेकून द्यावी.

पहिले काही दिवस गाईने पोटभर वैरण खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटंच वीट पुढे ठेवावी आणि आठ-दहा दिवसांत वेळ वाढवत न्यावी. उपाशी जनावरापुढे वीट कधीही टाकू नये. विषबाधा झाली तर अर्ध्या-एक तासात दिसते: तोंडाला फेस, अंगाला थरथर, दात खाणं, पोट फुगणं, धाप, अडखळती चाल. तेव्हा पशुवैद्यकाला बोलवावं. तो येईपर्यंत, गाय गिळू शकत असेल तर, दोन-तीन लिटर व्हिनेगर भरपूर थंड पाण्याबरोबर सावकाश पाजावं. आंबटपणामुळे अमोनिया रक्तात कमी उतरतो आणि थंडाव्याने तो तयार होण्याचा वेग मंदावतो.

आता विटेच्या मर्यादा. साडेतीनशे किलोची गाय दिवसाला सात किलो कडबा खाते, त्यातून तिला २८० ग्रॅम प्रथिनं मिळतात. शेकडा सातचा उंबरठा गाठायला ४९० ग्रॅम हवीत. अर्धा किलो विटेतला पन्नास ग्रॅम युरिया साधारण १४० ग्रॅम प्रथिनांइतकं नत्र देतो, कोंडा आणि मळी मिळून आणखी पंचवीस-तीस ग्रॅम. बेरीज साडेचारशेच्या आत राहते. म्हणजे वीट गाईला उंबरठ्याजवळ नेते, त्यापलीकडे नाही. कडबा बरा पचतो, गाय थोडा जास्त खाते, भाकड गाय आणि मोठी कालवड उन्हाळा धरून ठेवते. पण एक लिटर दूध तयार करायलाच ऐंशी-नव्वद ग्रॅम प्रथिनं लागतात. दहा लिटर देणाऱ्या गाईची पेंड बंद करून वीट लावली, तर दूध आटणारच. वीट विकणारा ती पेंडीच्या जागी चालेल म्हणून सांगत असेल, तर त्याच्याकडून घेऊ नये.

ज्या गोठ्यात लसूणघास, बरसीम किंवा पुरेशी सरकी पेंड आहे, तिथे नत्राची चणचण नसतेच. तिथे विटेतला जादा युरिया लघवीतून आणि दुधातून बाहेर पडतो, म्हणजे पैसे वाया जातात. उलट टोकाला, कडबासुद्धा संपलेल्या दुष्काळात वीट हा उपाय नाही. पोटात फोडायला तंतूच नसेल, तर सूक्ष्मजीवांना अमोनिया वापरायला ऊर्जा कुठून मिळणार? भुकेलं जनावर वीट अधाशासारखं चाटतं आणि विषबाधेचा धोका तिथेच सर्वांत जास्त असतो. छावणीत आधी वैरणीची गाडी पोचली पाहिजे, वीट त्यानंतर. आणि जून-जुलैत बांधावर कोवळं गवत आलं, की वीट उतरवून कोरड्या जागी, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वासरांच्या तोंडाला येणार नाही अशी ठेवावी.