केळं चालतं, चॉकलेट चालत नाही

बारावीला सीबीएसई आणि पुढे मे महिन्यात नीट, असा प्रवास करणारी टाइप 1 मधुमेहाची एखादी मुलगी घ्या. तिच्या पाऊचमधल्या वस्तू दोन्ही परीक्षांना त्याच असल्या, तरी दोन्ही दारांवर नियम वेगळे असतात. गोंधळ होतो तो इथेच.

आधी सीबीएसई. 2017 पासून या बोर्डाने मधुमेही विद्यार्थ्यांना शुगर टॅब्लेट, चॉकलेट किंवा कँडी, केळं-सफरचंद-संत्र्यासारखं फळ, सँडविचसारखा हलका खाऊ आणि 500 मिलिलिटरची पाण्याची बाटली नेण्याची मुभा दिली. पुढे ग्लुकोमीटर आणि त्याच्या पट्ट्या, तसंच शरीराला लावलेला सेन्सर आणि इन्सुलिन पंप यांनाही परवानगी मिळाली. खाऊ पर्यवेक्षकांकडे राहतो आणि लागेल तेव्हा ते देतात. मात्र हे आपोआप मिळत नाही. मधुमेहतज्ज्ञांचं प्रमाणपत्र लागतं, त्यात मधुमेहाचा प्रकार आणि परीक्षेत काय लागेल ते लिहिलेलं हवं, आणि अर्ज शाळेमार्फत जायला हवा. पेपरच्या आदल्या आठवड्यात धावपळ करण्यात अर्थ नाही. परीक्षेसाठी नावं पाठवली जातात तेव्हाच मुख्याध्यापकांकडे हे काम टाकावं.

आता नीट. ही परीक्षा एनटीए घेते आणि तिच्या माहितीपुस्तिकेत मधुमेहींसाठी शुगर टॅब्लेट आणि केळं, सफरचंद, संत्रं यांसारखी फळं न्यायला परवानगी असते. चॉकलेट, कँडी, सँडविच असा पाकिटबंद खाऊ मात्र चालत नाही. पाण्याची बाटली पारदर्शक हवी. बाटलीच्या कागदी वेष्टनामागे चिठ्ठी लपू शकते, म्हणून वेष्टन घरीच सोलून टाकलेलं बरं. इलेक्ट्रॉनिक वस्तूंबाबत एनटीए फार कडक आहे, हेल्थ बँडसुद्धा बंदीच्या यादीत असतो. त्यामुळे सेन्सर किंवा पंप वापरणाऱ्यांनी प्रवेशपत्र यायच्या आधीच एनटीएला लिहून परवानगी मागावी. दारावर केलेली विनवणी सहसा कामी येत नाही, कारण तिथल्या तपासनिसाच्या हातात फक्त यादी असते.

चॉकलेट न चालण्याचं दुःख करू नये. साखर घसरली की चॉकलेट तसंही कमी कामाचं. त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. शुगर टॅब्लेट सर्वांत लवकर काम करते. केळं त्याहून सावकाश, म्हणून ते दुसऱ्या टप्प्यासाठी ठेवावं.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते पाहा. नीटचा पेपर दुपारी 2 ला सुरू होतो, पण फाटक 1.30 लाच बंद होतं आणि तपासणीची रांग त्याच्या बरीच आधी लागते. मुलीने 11.30 ला जेवणाआधीचं इन्सुलिन नेहमीच्या मात्रेत घेतलं, पण धास्तीने डबा अर्धाच खाल्ला. जलद इन्सुलिनचा जोर एक-दोन तासांत सर्वाधिक असतो आणि असर आणखी काही तास टिकतो. म्हणजे 2.30 च्या सुमारास हात थरथरणं, घाम येणं, एकच ओळ तीनदा वाचूनही न कळणं असं झालं, तर त्याला परीक्षेची भीती समजू नये. बहुतेक मुलं नेमकी हीच चूक करतात आणि पेपर सोडवत राहतात.

घरी मोजून पाहिलं असतं तर 70 मिलिग्रॅमखालचा आकडा दिसला असता. इथे मीटर नसेल तर लक्षण हाच आकडा मानायचा. 15 ग्रॅम साखर घ्यायची आणि 15 मिनिटं थांबायचं. गोळीत किती ग्रॅम आहेत ते पाकिटावर असतं. 4 ग्रॅमची असेल तर चार गोळ्या. पंधरा मिनिटांनंतरही बरं वाटलं नाही, तर पुन्हा तेवढ्याच गोळ्या. सावरल्यावर केळं खायचं, म्हणजे साखर टिकते. या वेळात सोप्या प्रश्नांचीही उत्तरं भरू नयेत, वर्तुळं चुकतात. घड्याळ थांबत नाही हे खरं, पण धूसर डोक्याने भरलेल्या चुकीच्या उत्तराला नीटमध्ये एक गुण वजा होतो. लक्षणं वाढली तर पर्यवेक्षकांना हात वर करून लगेच सांगायचं. शुद्ध हरपू लागलेल्या मुलाच्या तोंडात इतरांनी काहीही कोंबायचं नसतं.

जेवणासोबतच्या मधुमेहाच्या गोळ्या हॉलमध्ये नेण्याची गरज नसते, त्या घरीच घेऊन निघावं. जे न्यायचं ते पारदर्शक पाऊचमध्ये, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्यावं. सुट्या पांढऱ्या गोळ्या पाहून तपासनीस अडवणारच. चिठ्ठीत रुग्णाचं नाव, आजार आणि "साखर कमी झाल्यास शुगर टॅब्लेट लागते" एवढं वाक्य असलं तरी पुरे. अडवलं, तर वाद न घालता केंद्र अधीक्षकांना भेटायचं आणि पुस्तिकेतलं मधुमेहींच्या परवानगीचं पान दाखवायचं. ते पान छापून बरोबर ठेवा, आणि दरवर्षी नवीन पुस्तिकेशी ताडून पाहा, यादी बदलते.